गाडी तिरकी उभी, पत्रा वळलेला: व्हॅनच्या फोटोवर लोगो खरा कसा बसवायचा

दुकानाची पहिली डिलिव्हरी व्हॅन आली की रेडियमवाल्याकडे फेरी होते. तो गाडीचा फोटो मागतो आणि संध्याकाळपर्यंत त्या फोटोवर लोगो चिकटवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. फोटोवर नकली लोगो बसवून ‘असं दिसेल’ दाखवणाऱ्या या चित्राला धंद्यात मॉकअप म्हणतात. बघणाऱ्याला पहिल्याच नजरेत काहीतरी खटकतं. लोगो गाडीवर असल्यासारखा वाटत नाही, फोटोच्या काचेवर चिकटवल्यासारखा वाटतो. काय चुकलंय ते मात्र मालकाला सांगता येत नाही. मग ‘थोडा डावीकडे घ्या, थोडा मोठा करा’ असं चालू राहतं, आणि चूक जिथे आहे तिथेच राहते.

ती चूक जवळपास नेहमी एकच असते. लोगो वेगळा उचलून तो डोळ्याच्या अंदाजाने तिरका केलेला असतो. लांब जाताना वस्तू लहान होत गेलेली दिसते, त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. लोगोला पर्स्पेक्टिव्ह नसतं, ते पत्र्याला असतं. म्हणून फोटोवर आधी पत्रा बसवायचा, म्हणजे गाडीच्या बाजूएवढा एक सपाट कागद, खऱ्या मापाचा, चौकटी आखलेला. तो कागद नीट बसला की त्यावरचा लोगो आपोआप बरोबर दिसतो. हे कसं करायचं ते एकाच उदाहरणावर, आकड्यांसकट पाहू.

## उदाहरणातली गाडी

सरळसोट डबा मागे जोडलेल्या छोट्या टेम्पोचं काम सोपं असतं, कारण तिथे बाजू सपाट असते. आपण घेऊ बंद बॉडीची व्हॅन. तिची बाजू खाली सपाट असते आणि वर छताकडे जाताना आत वळते. छपाईला मिळणारी बाजू २.४ मीटर लांब आहे असं धरू. जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर ती सुरू होते, तिथून वर १ मीटर पत्रा सपाट आहे. त्यावर आणखी ३० सेंटिमीटर पत्रा आहे, पण तो छताकडे कललेला. हे ३० सेंटिमीटर टेप पत्र्याला लावून मोजलेले आहेत, नजरेने नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

फोटो काढणारा गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून ३ मीटर मागे आणि ३ मीटर बाजूला उभा आहे. मोबाइल दीड मीटर उंचीवर, सरळ धरलेला. डावीकडे मागचं दार थोडं दिसतं, उजवीकडे गाडीची बाजू लांबत जाते. मॉकअपसाठी सहसा असाच तीन-चतुर्थांश कोन निवडतात.

या फोटोत सपाट भागाची मागची कड, म्हणजे आपल्याजवळची, ७०० पिक्सेल उंच दिसते. पुढची, लांबची कड ४८० पिक्सेल. खऱ्या गाडीवर दोन्ही एकेक मीटरच्याच आहेत. या दोन कडांमधलं फोटोतलं अंतर ८२३ पिक्सेल.

## मध्य मध्यावर का येत नाही

आता या बाजूच्या बरोबर मध्यावर, म्हणजे कडेपासून १.२ मीटरवर, एक उभी रेघ मारली आहे असं समजा. फोटोत ती कुठे दिसेल? पटकन उत्तर येतं ते ८२३ चं निम्मं, सुमारे ४१२ पिक्सेलवर. खरं उत्तर आहे ४८८. जवळचा अर्धा भाग ४८८ पिक्सेल रुंद आणि लांबचा अर्धा ३३५.

कारण साधं आहे. लांबची वस्तू लहान दिसते. त्यामुळे लांबच्या अर्ध्या भागाची उंची जशी कमी होते, तशी रुंदीही कमी होते. सॉफ्टवेअरमधलं Skew, म्हणजे चौकोन नुसता कलवणं, हे करत नाही. ते सगळीकडे सारखंच आकसतं. वरची आणि खालची रेघ तिरकी होते, पण अक्षरांची रुंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते. बाजू लांब जातेय आणि अक्षरं मात्र लहान होत नाहीत, ही विसंगती डोळा पकडतो. आपल्या उदाहरणात मधोमध बसवलेला लोगो असा ७७ पिक्सेलने चुकतो. खऱ्या गाडीवर तो जवळपास पाऊण फूट सरकलेला असावा, तसं वाटतं.

मध्य शोधायला गणित लागत नाही. चारही कोपरे मिळाले की दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतात तिथे खरा मध्य. इटलीतल्या लिओन बत्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकारांना सांगितलं होतं की रंगवलेल्या फरशीच्या चौकटी बरोबर आहेत का ते कर्णाची एक सरळ रेघ मारून तपासा. व्हॅनच्या बाजूला तीच तपासणी लागू पडते. आणखी एक सोय म्हणजे, मोबाइल सरळ धरला असेल आणि उभ्या कडा उभ्याच दिसत असतील, तर दोन अर्ध्या भागांचं प्रमाण कडांच्या उंचीच्या प्रमाणाइतकंच येतं. इथे ७०० ला ४८०, म्हणून ४८८ ला ३३५. मॉकअप हातात आला की पट्टी लावून एवढं तपासता येतं.

## चार कोपरे कुठे ठेवायचे

सपाट पृष्ठभागाचं पर्स्पेक्टिव्ह चार कोपऱ्यांनी पूर्ण ठरतं. चार बिंदू बरोबर बसले की आतला प्रत्येक बिंदू कुठे जाणार हे निश्चित होतं, तिथे अंदाजाला जागा उरत नाही. म्हणून सगळा जोर या चार बिंदूंवर द्यायचा.

लोगोचे चार कोपरे गाडीवर कुठे येतील हे कोणालाच दिसत नाही, कारण तिथे गाडीवर काहीच नसतं, नुसता पांढरा पत्रा असतो. पण पत्र्याचे कोपरे दिसतात. दाराची फट, खालची कड, जिथून वळण सुरू होतं ती रेघ, मागच्या दिव्याची बाजू. म्हणूनच कागद पत्र्याएवढा घ्यायचा.

फोटोशॉपमध्ये २४०० × १३०० पिक्सेलची नवी फाइल करा. म्हणजे १ पिक्सेल बरोबर १ मिलिमीटर. वरचे ३०० पिक्सेल कललेल्या भागाचे, खालचे १००० सपाट भागाचे. दर १०० पिक्सेलवर रेघा आखा. लोगो याच फाइलमध्ये, खऱ्या गाडीवर हवा तिथे आणि हवा तेवढा ठेवा. दाराचं हँडल, इंधनाचं झाकण, सरकत्या दाराची खाच हेही मापाने आखून घेतलं तर लोगो त्यावर येतोय का ते इथेच कळतं.

आधी सपाट भाग, म्हणजे खालचे १००० पिक्सेल घ्या. तो तुकडा Smart Object करा. यामुळे मूळ चित्र आत शाबूत राहतं आणि दहा वेळा ओढाताण केली तरी कडा धुरकट होत नाहीत. फोटोवर आणून Ctrl+T दाबा, मग Ctrl दाबून धरत एकेक कोपरा पत्र्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवा. हेच Distort. गिंपमध्ये याच कामाला Perspective नावाचं हत्यार आहे.

## ‘Perspective चं बटण आहेच की, मग कोपरे का ओढायचे?’

फोटोशॉपमध्येही Edit > Transform > Perspective असा पर्याय आहे आणि नावामुळे सगळे तिकडेच धावतात. तो एक कोपरा ओढला की समोरचा कोपरा उलट दिशेने तेवढाच हलवतो. म्हणजे वरून जेवढं खाली येईल तेवढंच खालून वर. व्हॅनच्या बाबतीत असं जवळपास कधीच होत नाही.

फोटोतल्या आडव्या समांतर रेषा दूर एका बिंदूत मिळतात, त्याला लोपबिंदू म्हणू. तो बिंदू कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. आपला मोबाइल दीड मीटरवर आहे, म्हणून गाडीवरची दीड मीटर उंचीची रेघ फोटोत आडवीच दिसते. त्याखालच्या रेघा लांब जाताना वर चढतात, त्यावरच्या खाली उतरतात. सपाट भागाची खालची कड कॅमेऱ्यापेक्षा ८० सेंटिमीटर खाली आहे आणि वरची कड फक्त २० सेंटिमीटर वर. त्यामुळे खालची रेघ मागून पुढे जाईपर्यंत १७६ पिक्सेल चढते आणि वरची फक्त ४४ उतरते. दोन्हीकडून ११०-११० करून टाकलं तर लोगो कोणीतरी गुडघे टेकून बघितल्यासारखा दिसतो, तर गाडी मात्र उभ्या माणसाने बघितलेली. एकाच चित्रात दोन कॅमेरे आल्यासारखं वाटतं ते यामुळे.

लोपबिंदू सापडवायला आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांवर एक तयार साधन असतं, ते म्हणजे बाजूने लावलेली पिवळी चमकणारी पट्टी. ती रेघ आणि छताची कड किंवा खालची कड, दोन्ही लांब वाढवा. जिथे मिळतील तिथेच लोगोच्या ओळीही मिळायला हव्यात. फक्त पट्टी नीट आडवी चिकटवलेली आहे ना, ते आधी पाहा. पट्टी हाताने लावलेली असते.

## वळण: पत्रा एकाच दिशेने वाकलाय

इथपर्यंत सपाट भाग झाला. आता वरचे ३० सेंटिमीटर.

इंटरनेटवर वळणावर लोगो बसवण्याची बहुतेक प्रात्यक्षिकं चहाच्या मगवर असतात. मगवर लोगोची ओळ धनुष्यासारखी वाकते आणि उभ्या रेघा सरळ राहतात. तेच शिकून लोक व्हॅनवरही Arc मारतात आणि नाव कमानीसारखं वाकतं. व्हॅनवर हे उलटं आहे. एक कागद घेऊन त्याची वरची कड मागे वळवा. लगेच दिसेल की आडवी रेघ काठीसारखी ताठ राहिली आणि उभी रेघ वाकली. व्हॅनचा पत्रा असाच वळलेला असतो. गाडीच्या लांबीच्या दिशेने तो सरळ जातो, उंचीच्या दिशेने वाकतो. म्हणून लोगोच्या आडव्या ओळी सरळ राहून लोपबिंदूकडे जायला हव्यात आणि अक्षरांच्या उभ्या दांड्या वाकायला हव्यात.

किती आणि कुठे वाकतात? उदाहरणातला वरचा भाग सरासरी ३० अंश कललेला धरू. मग त्याची वरची कड १५ सेंटिमीटर आत जाते आणि ३० च्या ऐवजी फक्त २६ सेंटिमीटर वर चढते. फोटोत याचे दोन परिणाम दिसतात.

पहिला परिणाम लोकांना सुचतो, तो म्हणजे उंची दबते. मागच्या कडेला हा पट्टा सपाट असता तर २१० पिक्सेल उंच दिसला असता, आता १७५ दिसतो.

दुसरा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपण गाडीकडे तिरके बघतोय, त्यामुळे पत्रा आत गेला की तो फोटोत बाजूलाही सरकतो. आपल्या फोटोत वरची कड मागच्या टोकाला ७३ पिक्सेल डावीकडे जाते, पुढच्या टोकाला ६३ पिक्सेल डावीकडे. म्हणजे उभ्या रेघा वर जाताना मागच्या दाराकडे झुकतात. गाडी समोरून काटकोनात बघितली असती तर पट्ट्याच्या मध्यावर हे सरकणं शून्य असतं, तिथे नुसती उंची दबली असती. तिरक्या फोटोत उंची दाबून लोगो सरळ वर चढवला, की तो पत्र्यावर टेकलेला न वाटता वळणापुढे हवेत उभ्या फळीसारखा दिसतो. मॉकअप ‘काचेवर चिकटवल्यासारखा’ वाटण्यात या चुकीचा मोठा वाटा असतो असं माझं मत आहे, कारण सपाट भाग बरोबर जमवणारे पुष्कळ जण इथे येऊन थांबतात.

तपासणीसाठी गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे बघा. तिथली कड वर जाताना जशी झुकते, तशीच लोगोतली प्रत्येक उभी रेघ झुकायला हवी, लांब जाताना थोडी जास्त, कारण तिथे बाजूला सरकणं थोडंच घटतं पण उंची बरीच घटते.

## वळणाच्या पट्ट्या पाडा

चार कोपऱ्यांची युक्ती फक्त सपाट पृष्ठभागाला चालते. मग वळणाला सपाट करायचं, तुकड्या-तुकड्यांत. वरच्या ३० सेंटिमीटरच्या १०-१० सेंटिमीटरच्या तीन आडव्या पट्ट्या करा. पहिली जेमतेम १० अंश कललेली, दुसरी ३०, तिसरी ५०. प्रत्येक पट्टी सपाट धरायला हरकत नाही. समोरून त्यांची उंची अनुक्रमे सुमारे ९.८, ८.७ आणि ६.४ सेंटिमीटर दिसते. म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीतलं अक्षर एक तृतीयांशाहून जास्त दबतं. त्यापुढे ओढाताण करूनही ते वाचनीय होत नाही. फोन नंबर छताच्या कडेला टाकू नये याचं खरं कारण हे आहे.

मघाच्या कागदाचे चार तुकडे करा: एक १००० पिक्सेलचा आणि तीन १००-१०० चे. खालचा तुकडा बसलेलाच आहे. पहिल्या पट्टीचे खालचे दोन कोपरे त्याच्या वरच्या कोपऱ्यांवर चिकटवा, वरचे दोन फोटोतल्या वळणाच्या रेघेवर न्या. मग दुसरी, मग तिसरी. लोगो एकापासून दुसऱ्यात सलग वाहायला हवा.

या पद्धतीचा मोठा गुण असा की ती चूक लपवत नाही. पट्टीचा एखादा कोपरा जरा चुकीच्या जागी गेला तर जोडावर अक्षराची दांडी तुटते, वरचा तुकडा दोन-चार पिक्सेल बाजूला दिसतो. तुटलेली दांडी दिसली की ती रबर मारून जुळवायची नाही, कोपरा सरकवायचा. सगळ्या दांड्या एकदम जुळल्या की कोपरे बरोबर आहेत असं समजावं.

फोटोशॉपचं Filter > Vanishing Point हेच काम थोडं आपसूक करतं. पहिला चौकोन सपाट भागावर आखायचा, मग त्याच्या वरच्या कडेवरून Ctrl दाबून नवा चौकोन ओढून काढायचा आणि त्याचा कोन द्यायचा. पेस्ट केलेला लोगो एका चौकोनातून दुसऱ्यात वळत जातो. चौकोनाची जाळी निळी असेल तर पर्स्पेक्टिव्ह पटण्यासारखं आहे, पिवळी किंवा लाल झाली तर कोपऱ्यात गडबड आहे. मात्र यातला लोगो नंतर बदलता येत नाही, पुन्हा पेस्ट करावा लागतो.

## ‘एवढ्यासाठी Warp नाही का?’

Warp म्हणजे चित्रावर जाळी टाकून ते हवं तसं वाकवणं. ते आहे, आणि वळणापुरतं ते पट्ट्यांपेक्षा जास्त गुळगुळीत काम करतं. अट एकच, क्रम पाळायचा. Warp च्या जाळीचे कोपरे ओढून पर्स्पेक्टिव्ह देऊ नका. ती जाळी रबरासारखी ताणते, लांबचं लहान करण्याचा हिशेब तिला नसतो. कोपरे पत्र्यावर अगदी नेमके बसले तरी मधली रेघ जवळपास ४१२ वरच राहते, ४८८ वर जात नाही. बाहेरून चौकट बरोबर आणि आतली अक्षरं चुकीची, ही चूक शोधायला सगळ्यात अवघड.

म्हणून आधी Distort ने पर्स्पेक्टिव्ह द्या, Enter दाबा, त्याचा पुन्हा Smart Object करा, आणि मगच Warp ने उभ्या रेघा वाकवा. जाळीला वळण सुरू होतं तिथे एक आडवी चीर द्या, म्हणजे खालचा सपाट भाग जास्त हलणार नाही. आडव्या रेघा जिथे वाकायला लागतील तिथे थांबा, कारण पत्रा त्या दिशेने वाकलेला नाही.

चाकावरच्या फुगवट्यापाशी मात्र कुठलीच पद्धत पूर्ण खरी नाही. तिथे पत्रा दोन्ही दिशांनी वाकतो. असा पृष्ठभाग न ताणता, न चुरगळता सपाट कागदाने झाकता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. रेडियमवाला तिथे व्हिनाइल गरम करून ताणतो, आणि ताण कुठे किती गेला हे फक्त त्याच्या हाताला ठाऊक. मॉकअपमध्ये तिथे रंगाचा पट्टा चालेल, अक्षर नको.

## कोपरे दिसतच नसतील तर

पांढऱ्या गाडीच्या पांढऱ्या पत्र्यावर वळण नेमकं कुठे सुरू होतं हे फोटोत कळत नाही. गाडी हाताशी असेल तर उपाय स्वस्त आहे. कागदी मास्किंग टेपने दर ३० सेंटिमीटरवर एक उभी पट्टी चिकटवा, छतापर्यंत, पत्र्याला टेकवून. वळणाच्या सुरुवातीला आणि मध्यावर दोन आडव्या. मोबाइल तिपाईवर लावून एक फोटो घ्या, टेप काढा, मोबाइल न हलवता दुसरा घ्या. पहिल्या फोटोवर जाळी जुळवायची, मग खाली दुसरा फोटो ठेवायचा. टेपची उभी पट्टी वर जाताना झुकताना दिसते तेव्हा मघाचे ७३ पिक्सेल डोळ्यांनी पटतात.

फोटो काढताना जवळ जाऊ नका. पर्स्पेक्टिव्ह लेन्सवर ठरत नाही, उभं राहण्याच्या अंतरावर ठरतं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत जवळची कड अवाढव्य आणि लांबची इवलीशी होते. मागे सरकून दोनपट किंवा तीनपट झूम करा. आणि मोबाइल वर किंवा खाली झुकवू नका. झुकवला तर उभ्या कडाही एकमेकींकडे धावतात आणि वरची सोपी प्रमाणं लागू पडत नाहीत. चार कोपऱ्यांची पद्धत तेव्हाही चालते, फक्त पट्टीने तपासणी होत नाही.

## जागेवर बसला, तरी वर तरंगतोय

आकार बरोबर आला की उरतो प्रकाश. पांढऱ्या गाडीवर गडद लोगो असेल तर लेयर Multiply करा, पत्र्यावरची सावली लोगोतून दिसू लागते. गडद गाडीवर पांढरा लोगो Multiply ने गायबच होतो. तिथे लोगो तसाच ठेवून पत्र्यावरची चमक वेगळ्या लेयरवर काढून त्याच्यावर Screen ने टाकावी लागते. दाराच्या फटी आणि हँडल मास्कने मोकळे करा. लोगो फटीवरून अखंड गेला की सगळी मेहनत वाया.

पुष्कळ जण Filter > Distort > Displace वापरायला सांगतात. फोटोतल्या उजेड-अंधारानुसार ते लोगो इकडेतिकडे सरकवतं. टी-शर्टच्या घड्यांवर ते छान चालतं, कारण कापडाचा उजेड-अंधार घडीमुळेच असतो. चकचकीत पत्र्यावर उजेड-अंधार येतो तो समोरच्या झाडाच्या आणि विजेच्या खांबाच्या प्रतिबिंबामुळे. मग अक्षरं पत्र्याऐवजी त्या खांबानुसार वाकतात. व्हॅनवर हा फिल्टर टाळलेलाच बरा.

शेवटची तपासणी चाकावर करा. चाक गोल आहे आणि गाडीच्या बाजूला समांतर आहे. गोल लोगो सपाट भागावर असेल तर तो त्याच्या खालच्या चाकाइतकाच चपटा दिसायला हवा. आपल्या फोटोत बाजूच्या मध्यावर १ मीटरचं वर्तुळ साधारण ३३० पिक्सेल रुंद आणि ५७० पिक्सेल उंच येतं. मागच्या चाकाजवळ ते थोडं कमी चपटं असेल, पुढे जास्त. चाक अंडाकृती आणि लोगो गरगरीत गोल असं दिसलं, तर Skew मारलेलं आहे किंवा तेही नाही.

## ‘मग हाच तिरका लोगो छापायला द्यायचा का?’

नाही. फोटोतला तिरका आकार एका ठिकाणी उभ्या असलेल्या एका कॅमेऱ्यापुरता खरा आहे. गाडी रस्त्यावर सगळीकडून दिसते. छपाईला जाते ती मघाची २४०० × १३०० ची सपाट मांडणी, आणि तीही पिक्सेलमध्ये नाही, व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड न फाटणाऱ्या रेषांच्या स्वरूपात. कोरलड्रॉमध्ये ती २४०० × १३०० मिलिमीटरवर उघडली की कागद आणि गाडी एकाच मापात येतात.

काही जण विचारतात, वरचा भाग दबतो तर तिथलं अक्षर आधीच उंच करून छापावं का? थोडं केलं तर चालतं. पण ३० अंशांच्या पट्टीसाठी ताणलेलं अक्षर समोरच्या गच्चीवरून बघणाऱ्याला लांबोडकं दिसतं. त्यापेक्षा लोगो २० सेंटिमीटर खाली सपाट भागात आणून वर फक्त रंग ठेवावा.

मालकाने रेडियमवाल्याकडून दोन्ही गोष्टी मागाव्यात: मॉकअप आणि मापासकटची सपाट मांडणी. सपाट मांडणीत लोगोची रुंदी आणि खालच्या कडेपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. टेप घेऊन गाडीपाशी जावं, खालच्या कडेपासून तेवढं मोजून मास्किंग टेपचे चार तुकडे पत्र्यावर लावावेत आणि मॉकअप ज्या जागेवरून काढला तिथे उभं राहावं. टेपच्या चौकटीची जागा आणि फोटोतल्या लोगोची जागा जुळली, तर छपाईची ऑर्डर द्यायला हरकत नाही.